जोडीचे पंप : एकसर आणि समांतर

एका पंपाने पाणी पुरत नसेल तर तसाच दुसरा पंप बसवावा म्हणजे पाणी दुप्पट मिळेल, असा समज सर्वत्र आढळतो. नगरपालिकेच्या सभांतून या समजावर खर्चाचे ठराव मंजूर होतात, आणि दुसरा पंप सुरू झाल्यावर पाणी शेकडा दहा-बारानेच वाढलेले पाहून सर्वांची निराशा होते. दोष पंपाचा नसतो, आणि पुष्कळदा जोडणाऱ्याचाही नसतो. पंप किती पाणी देईल हे एकटा पंप ठरवीत नाही. पंप आणि त्याच्यापुढील नळ ही दोघे मिळून ते ठरवितात. एकाच जातीचे व एकाच मापाचे दोन पंप दोन निरनिराळ्या नळांना जोडले तर त्यांचे वर्तन किती भिन्न होते, हे पाहण्यास कोलकाता शहराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

एका शहरातील दोन प्रकारची कामे

कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरवर, हुगळी नदीच्या काठी पलता येथे शहराचे जुने जलशुद्धीकरण केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस ते उभारण्यात आले. तेथे शुद्ध केलेले पाणी मोठमोठ्या नळांतून शहराच्या उत्तर टोकाला टाला येथे आणले जाते. हा सारा प्रदेश गंगेच्या गाळाने बनलेला आणि जवळजवळ सपाट आहे. पलता आणि टाला यांच्या पातळीत डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. या वाटेवर पाण्याला चढ चढावयाचा नसतो. त्याला केवळ लांबचा पल्ला गाठावयाचा असतो.

टाला येथे आल्यावर कामाचे स्वरूप बदलते. येथे पोलादी खांबांवर उभारलेली प्रसिद्ध टाकी आहे. तिच्या कामाचा आरंभ १९०९ साली झाला आणि १९११ साली ती वापरात आली. जमिनीपासून ती सुमारे ११० फूट, म्हणजे जवळजवळ साडेतेहतीस मीटर उंच असून तिच्यात ९० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४ कोटी लिटर पाणी मावते. टाकीचे चार कप्पे केलेले असल्यामुळे एक कप्पा रिकामा करून दुरुस्त करीत असतानाही उरलेल्या कप्प्यांतून शहराला पाणी मिळत राहते. या टाकीत पाणी चढविताना अंतर थोडे आणि उंची मोठी असते.

लांबचा पल्ला आणि उंच चढ ही दोन कामे पंपाच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत. ती का वेगळी आहेत हे कळण्यासाठी प्रथम एकट्या पंपाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

एकट्या पंपाचा वक्र

केंद्रोत्सारी पंपात एक पंख्यासारखे चाक वेगाने फिरते आणि मध्यभागातून आत येणारे पाणी कडेकडे भिरकावते. या क्रियेत पाण्याला जो दाब प्राप्त होतो, तो पाण्याचा स्तंभ किती मीटर उंच उचलून धरू शकेल, त्या आकड्याला पंपाचे शीर्ष म्हणतात. दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मापाला विसर्ग म्हणतात. या दोहोंचा संबंध उलटा आहे. निर्गम नळावरील व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल तेव्हा विसर्ग शून्य आणि शीर्ष सर्वांत अधिक असते. व्हॉल्व्ह जसजसा उघडावा तसतसा विसर्ग वाढतो आणि शीर्ष कमी होत जाते. आडव्या अक्षावर विसर्ग आणि उभ्या अक्षावर शीर्ष मांडून आलेख काढला, तर डावीकडून उजवीकडे खाली झुकणारी एक वक्ररेषा मिळते. तिला पंपाचा वक्र म्हणावयाचे.

विवेचन आकड्यांनी स्पष्ट व्हावे म्हणून एका काल्पनिक पंपाची योजना करता येईल. हे आकडे टाला अथवा पलता येथील यंत्रांचे नाहीत. ते केवळ हिशेब सोपा होण्यासाठी निवडलेले आहेत. समजा, या पंपाचे बंद व्हॉल्व्हवरील शीर्ष ४८ मीटर आहे, आणि विसर्ग दर सेकंदाला १०० लिटर असताना ते ३६ मीटरवर येते. विसर्ग शंभर लिटरच्या पटीत मोजून त्यासाठी ‘वि’ हे अक्षर योजले, तर या पंपाचा वक्र असा लिहिता येतो :

शीर्ष = ४८ − १२ × वि²

दर सेकंदाला १०० लिटर याच विसर्गाच्या आसपास हा पंप विजेचा सर्वांत चांगला उपयोग करतो असेही मानावे.

नळाचा वक्र आणि कार्यबिंदू

पंपाला जसा वक्र असतो तसाच नळालाही असतो. नळातून पाणी ढकलण्यासाठी दोन गोष्टींवर मात करावी लागते. पहिली म्हणजे खालच्या व वरच्या जलपातळींतील उंचीचा फरक. यास स्थिर शीर्ष म्हणतात. पाणी थोडे जावो की पुष्कळ, ते बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घर्षण. पाणी नळाच्या भिंतीला, वळणांना व व्हॉल्व्हना घासत जाते आणि त्यात दाब खर्च होतो. हा खर्च विसर्गाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसर्ग दुप्पट झाला की घर्षण सुमारे चौपट होते. म्हणून नळाचा वक्र स्थिर शीर्षाच्या उंचीवर आरंभ पावतो आणि उजवीकडे वर चढत जातो.

पंपाचा वक्र उतरता आणि नळाचा चढता असल्यामुळे ते एका ठिकाणी छेदतात. त्या बिंदूला कार्यबिंदू म्हणतात. तेथे पंप देत असलेले शीर्ष आणि नळाला लागणारे शीर्ष अगदी समान असते. पंपाला दुसरीकडे कोठे चालविताच येत नाही. विसर्ग क्षणभर जरी वाढला, तरी नळाची मागणी पंपाच्या पुरवठ्याहून अधिक होते आणि पाण्याचा वेग आपोआप मंदावतो; विसर्ग घटला तर याच्या उलट घडते.

आता दोन नळ विचारात घ्यावे. पहिला टाला येथील टाकीसारखा : स्थिर शीर्ष ३४.५ मीटर आणि दर सेकंदाला १०० लिटर पाणी जात असता घर्षण केवळ १.५ मीटर. दुसरा पलताच्या वाटेसारखा : स्थिर शीर्ष अवघे ३ मीटर, पण तेवढ्याच विसर्गाला घर्षण ३३ मीटर. दोन्ही नळांना १०० लिटर विसर्गासाठी एकूण ३६ मीटर शीर्ष लागते. म्हणून वरील पंप एकटा चालविला तर दोन्ही नळांवर त्याचा कार्यबिंदू एकच येतो. दाबमापक पाहून वा पाणी मोजून या दोन नळांतील फरक ओळखता येणार नाही. तो उघडकीस येतो दुसरा पंप सुरू केल्यावरच.

जोडणीचे दोन मार्ग

दोन समान पंप दोन प्रकारे जोडता येतात. समांतर जोडणीत दोन्ही पंप एकाच हौदातून पाणी घेतात आणि एकाच मुख्य नळात सोडतात. दोघांचे शीर्ष समान राहते आणि विसर्गांची बेरीज होते. म्हणून संयुक्त वक्र काढताना प्रत्येक शीर्षाला एका पंपाचा विसर्ग दुप्पट करावयाचा. वक्र जणू आडवा ताणला जातो. वरील पंपाच्या बाबतीत तो असा होतो : शीर्ष = ४८ − ३ × वि². बंद व्हॉल्व्हवरील शीर्ष ४८ मीटरच राहते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समांतर जोडलेले पंप कितीही असोत, त्या उंचीपलीकडे पाणी चढू शकत नाही.

एकसर जोडणीत पहिल्या पंपाने सोडलेले पाणी दुसऱ्या पंपाच्या मुखात जाते. दोहोंतून जाणारे पाणी एकच असते आणि शीर्षांची बेरीज होते. वक्र उभा ताणला जातो : शीर्ष = ९६ − २४ × वि². कृष्णेचे पाणी सांगली-सातारा भागातील दुष्काळी शेतांपर्यंत चढविणाऱ्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांत हेच तत्त्व टप्प्याटप्प्याने वापरले आहे. फरक इतकाच की, तेथे एका टप्प्याचे पाणी उघड्यावर मोकळे होऊन पुढच्या टप्प्याचा पंप ते नव्याने उचलतो. येथे विचारात घेतलेले दोन पंप एकाच बंद नळात आहेत.

दोन्ही संयुक्त वक्र एकाच कागदावर काढले की बेरजेचा अर्थ स्पष्ट होतो. वक्र दुप्पट झाला म्हणून कार्यबिंदू दुप्पट होत नाही. कार्यबिंदू नळाच्या वक्रावरून सरकतो आणि नवा पंपवक्र जेथे भेटेल तेथे थांबतो. नळाचा वक्र जवळजवळ आडवा असेल तर तो उजवीकडे दूरवर जातो. नळाचा वक्र उभट असेल तर तो मुख्यतः वर चढतो आणि उजवीकडे फारसा सरकत नाही.

उंच टाकीचा हिशेब

पहिल्या नळाला समांतर जोडी लावली तर ४८ − ३ × वि² आणि ३४.५ + १.५ × वि² ही दोन्ही समान असावयास हवीत. यावरून वि² = ३, म्हणजे वि = १.७३. विसर्ग दर सेकंदाला १७३ लिटर आणि शीर्ष ३९ मीटर. दुप्पट नव्हे, पण एका पंपाच्या मानाने शेकडा ७३ अधिक. प्रत्येक पंपाच्या वाट्याला सुमारे ८७ लिटर येतात, आणि शंभर लिटरच्या सोयीच्या बिंदूपासून हे फार दूर नाही.

एकसर जोडी लावली तर ९६ − २४ × वि² = ३४.५ + १.५ × वि². यावरून वि² सुमारे २.४१ आणि विसर्ग १५५ लिटर. वरवर पाहता हे उत्तरही वाईट नाही. परंतु येथे प्रत्येक पंपातून पूर्ण १५५ लिटर जात आहेत आणि प्रत्येक पंप केवळ १९ मीटर शीर्ष देत आहे. ३६ मीटरसाठी घडविलेला पंप आपल्या वक्राच्या अगदी उजव्या टोकाला ढकलला गेला आहे. तेथे कार्यक्षमता घसरते, मोटरीवर भार वाढतो, आणि चाकाच्या मुखाशी दाब इतका कमी होऊ शकतो की, पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. हे बुडबुडे पुढे दाबाच्या भागात जाऊन फुटतात तेव्हा पंपात खडे फिरत असल्यासारखा आवाज येतो आणि चाकाची धातू हळूहळू कोरली जाते. म्हणून उंच टाकीसाठी समांतर जोडी हाच योग्य मार्ग होय.

लांब नळाचा हिशेब

दुसऱ्या नळावर चित्र पालटते. समांतर जोडीसाठी ४८ − ३ × वि² = ३ + ३३ × वि². म्हणजे वि² = १.२५ आणि विसर्ग ११२ लिटर. दोन पंप, दोन मोटरी, आणि पाणी मात्र शेकडा बाराच अधिक. शीर्ष ३६ वरून सव्वाचव्वेचाळीस मीटरवर जाते. प्रत्येक पंप ५६ लिटर देत डाव्या टोकाला कसाबसा चालतो. पाण्यासाठी खर्च होणारी शक्ती शेकडा ३७ नी वाढते. पंपांची कार्यक्षमता या बिंदूला उतरलेली असल्यामुळे विजेचे बिल त्याहूनही अधिक वाढते. सभेत मांडलेला दुप्पट पाण्याचा अंदाज फसतो तो येथेच.

एकसर जोडीसाठी ९६ − २४ × वि² = ३ + ३३ × वि². वि² सुमारे १.६३ आणि विसर्ग १२८ लिटर. शीर्ष सुमारे ५७ मीटर. पाणी शेकडा २८ नी वाढले. म्हणजे लांब नळावर एकसर जोडी समांतर जोडीहून सरस ठरते. मात्र तिचे मोल लहान नाही. पाण्याला द्यावी लागणारी शक्ती एका पंपाच्या मानाने दुपटीहून किंचित अधिक होते आणि नळातील दाब वाढतो.

चारही उत्तरे एकत्र पाहता येतील. आकडे दर सेकंदास लिटरचे आहेत.

| नळ | एक पंप | समांतर जोडी | एकसर जोडी |
|---|---|---|---|
| उंच टाकी | १०० | १७३ | १५५ |
| लांब सपाट नळ | १०० | ११२ | १२८ |

या दोहोंच्या मध्ये कोठेतरी सीमा असणारच. ती दोन्ही संयुक्त वक्र एकमेकांस जेथे छेदतात तेथे असते. या पंपासाठी तो बिंदू सुमारे १५१ लिटर आणि ४१ मीटर येथे येतो. नळाचा वक्र या बिंदूच्या वरून गेला तर एकसर जोडी अधिक पाणी देते. खालून गेला तर समांतर. मात्र सीमेच्या आसपास केवळ पाण्याच्या मापावरून निवड करू नये. तेथे समांतर जोडीतील प्रत्येक पंप ७६ लिटर देत असतो, तर एकसर जोडीतील प्रत्येकाला १५१ लिटर गिळावे लागतात. पाणी सारखेच असले तरी यंत्राचे आयुष्य सारखे राहणार नाही.

दुसरा नळ की दुसरा पंप

लांब नळाच्या उदाहरणात आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. दाब जर बहुतेक सारा घर्षणात जात असेल, तर पंप वाढविण्याऐवजी घर्षणच कमी का करू नये? तेवढ्याच मापाचा दुसरा नळ पहिल्याशेजारी टाकला तर प्रत्येक नळातून निम्मेच पाणी जाते आणि घर्षण एक-चतुर्थांश होते. शंभर लिटरला ३३ ऐवजी सव्वाआठ मीटर. आता एकच पंप चालविला तरी ४८ − १२ × वि² = ३ + ८.२५ × वि², म्हणजे विसर्ग १४९ लिटर. एका नळावर दोन पंपांनी, कोणत्याही जोडणीने, जे साधले नाही ते एका पंपाने साधले. पंप येथे उजव्या टोकाकडे झुकतो खरा. पण दोन नळांबरोबर दोन पंप समांतर चालविले तर प्रत्येक नळाला एक पंप अशी वाटणी होऊन विसर्ग बरोबर २०० लिटर होतो. दुप्पट पाण्याचे आश्वासन पुरे करण्याचा प्रामाणिक मार्ग हाच.

पलता व टाला यांच्यामधील इतिहास याच दिशेने गेलेला दिसतो. आरंभी तेथे ४२ इंच व्यासाचा बिडाचा नळ होता. मागणी वाढत गेली तसे ४८, ६० आणि ७२ इंची नळ टाकण्यात आले. व्यासाचा परिणाम किती मोठा असतो हे थोड्या हिशेबाने कळते. घर्षणाचा खर्च तेवढाच ठेवला तर विसर्ग व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ४२ इंचांच्या जागी ६० इंची नळ असेल तर तो त्याच दाबाने जवळजवळ अडीच पट पाणी नेतो. दुसरा पंप बसविण्याहून नळ टाकणे अर्थातच फार खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. पण पंपाचे बिल दर महिन्याला येते.

याउलट जुन्या नळाच्या आतील भिंतीवर गंज व पुटे चढली की घर्षण वाढते आणि नळाचा वक्र वर्षानुवर्षे अधिकाधिक उभट होतो. ज्या केंद्रात प्रारंभी समांतर जोडी समाधानकारक चालत होती, तेथे कोणीही काहीही न बदलता वीस-तीस वर्षांनी दुसरा पंप निरुपयोगी वाटू लागतो.

पावसाच्या पाण्याचे पंप

कोलकात्यात पंपांचे आणखी एक मोठे काम आहे. शहराचा उतार हुगळीकडे नसून तिच्यापासून दूर, पूर्वेकडे आहे. मैला व पावसाचे पाणी एकाच भूमिगत गटारांतून पामर्स ब्रिज, बालीगंज अशा उपसा केंद्रांपर्यंत येते आणि तेथून थोडेसे उचलून पूर्वेच्या कालव्यांत सोडले जाते. जुनी व्यवस्था तासाला सुमारे ६ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. पावसाळ्यात याच्या कितीतरी पट सर कोसळते. अशा केंद्रात उंची थोडी, नळ आखूड आणि पाणी प्रचंड असल्यामुळे एकसर जोडणीचा प्रश्नच उद्भवत नाही. पंप समांतरच चालवावयाचे असतात, आणि सामाईक लांब नळ नसल्यामुळे त्यांच्या विसर्गांची बेरीज जवळजवळ पुरी होते.

तरीही एक मर्यादा राहते. अनेक पंप एकदम सुरू केले की कालव्याची पातळीच वर चढते. उचलण्याची उंची मुळात दोन-चार मीटर असल्याने अर्ध्या मीटरचा फरकही जाणवण्याइतका असतो. नळाच्या उदाहरणात घर्षण जे काम करते तेच येथे भरलेला कालवा करतो. गाळाने उथळ झालेल्या कालव्यावर आणखी पंप बसविणे म्हणजे उभट वक्रावर समांतर जोडी लावणेच होय.

चालवताना काय पाहावे

दुसरा पंप किती उपयोगी पडतो आहे हे मुख्य नळावरील दाबमापक तत्काळ सांगतो. उंच टाकीच्या उदाहरणात दुसरा पंप सुरू होताच काटा ३६ वरून ३९ मीटरवर जातो. लांब नळावर तो चव्वेचाळीसच्या पुढे जातो. काटा जितका अधिक उडी घेईल तितके नळातील घर्षण अधिक आणि वाढीव पाणी कमी. बंद व्हॉल्व्हवरील शीर्षाच्या जवळ काटा पोहोचत असेल तर पंप केवळ पाणी घुसळीत आहेत असे समजावे. विसर्गमापक नसेल तर टाकीचा बाहेर जाणारा नळ थोडा वेळ बंद ठेवून पातळी किती वेळात किती चढते हे मोजले तरी विसर्ग कळतो. प्रथम एका पंपाने आणि मग दोघांनी असे मोजमाप घेतले की नळाचा वक्र कागदावर उतरविता येतो.

समान पंप नेहमी समान राहत नाहीत, ही दुसरी ध्यानात घेण्याची गोष्ट. समजा, जोडीतील एक पंप झिजला आणि त्याचे बंद व्हॉल्व्हवरील शीर्ष ४८ ऐवजी ४३ मीटर झाले. लांब नळावर दोघे समांतर चालले तर मुख्य नळातील दाब सुमारे साडेएकेचाळीस मीटर होतो. चांगला पंप ७३ लिटर देतो आणि झिजलेला केवळ ३५. एकूण १०८ लिटर. चांगला पंप एकटाच असता तर १०० लिटर मिळाले असते. दाब झिजलेल्या पंपाच्या मर्यादेच्याही वर गेला तर त्यातून पाणी मुळीच जात नाही. आतले तेच पाणी घुसळून तापते. हात लावताच गरम लागणारे पंपाचे कवच आणि शेजाऱ्याच्या मानाने बराच कमी दाखविणारा विद्युत्‌प्रवाहमापक या त्याच्या खुणा होत.

समांतर जोडीत प्रत्येक पंपापुढे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असणे अपरिहार्य आहे. एक पंप थांबला आणि झडप अडकून उघडी राहिली तर चालू पंपाचे पाणी थांबलेल्या पंपातून हौदात परत जाते आणि तो पंप उलटा फिरू लागतो. शिवाय एक पंप थांबला की उरलेल्याचा भार कमी न होता वाढतो. उंच टाकीवर त्याचा विसर्ग ८७ वरून १०० लिटरवर, तर लांब नळावर ५६ वरून १०० लिटरवर जातो. अशा पंपाची विजेची ओढ सामान्यतः विसर्गाबरोबर वाढते. म्हणून मोटर निवडताना जोडीतील नव्हे, तर एकट्याने चालतानाचा बिंदू गृहीत धरावा लागतो.

एकसर जोडीचे धोके निराळे आहेत. दुसऱ्या पंपाचे कवच, पॅकिंग आणि पुढचा सारा नळ यांना दुप्पट दाब सोसावा लागतो. व्हॉल्व्ह बंद असताना वरील जोडी ९६ मीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेनऊ किलोग्रॅम दाब निर्माण करते. पन्नास मीटरच्या हिशेबाने घडविलेला पंप या जागी बसविला तर पॅकिंगमधून पाणी उडते आणि कवचाला तडा जाण्याचे भय असते. पहिला पंप अकस्मात थांबला तर दुसऱ्याला त्याच्यातून ओढून पाणी घ्यावे लागते. त्याच्या मुखाशी दाब पडतो आणि बुडबुड्यांचा उपद्रव सुरू होतो. म्हणून पहिला पंप प्रथम सुरू करावा, दुसरा प्रथम थांबवावा, आणि पहिला बंद पडताच दुसरा आपोआप बंद होईल अशी विद्युत्‌योजना असावी.

दुसऱ्या पंपाची मागणी कागदावर येईल तेव्हा पंपाच्या किमतीआधी एक आकडा विचारला पाहिजे : सध्याच्या पंपाच्या शीर्षापैकी किती भाग उंचीसाठी जातो आणि किती घर्षणासाठी? पंप थांबवून झडप मिटल्यावर तिच्यापुढील दाबमापक जे दाखवील, त्यात हौदाच्या पातळीचा हिशेब धरला की स्थिर शीर्ष मिळते. पंप चालू असताना वाढलेला भाग म्हणजे घर्षण. वरील उदाहरणांत एका ठिकाणी हा भाग दीड मीटर निघेल आणि दुसऱ्या ठिकाणी तेहतीस. पहिल्या ठिकाणी दुसरा पंप समांतर बसवावा. दुसऱ्या ठिकाणी एकसर जोडणीने थोडा काळ निभावता येईल. पण पाणी खरोखर दुप्पट हवे असेल तर नळाकडेच वळावे लागेल.